चित्राखालचा मजकूर

रुग्णालयाच्या संगणकीय अभिलेखानुसार २००९, २०१० आणि २०११ या तीन वर्षांत तिथे एकही परिचारिका नव्हती. डॉक्टर एक्केचाळीस होते. क्ष-किरण यंत्र होते, ते दोनदा बिघडून दुरुस्तही झाले होते. प्रतिजैविकांचे सव्वीस प्रकार होते. २००८ साली परिचारिका होत्या आणि २०१२ साली पुन्हा होत्या.

ही बाब प्रथम लक्षात आली ती अभिलेख विभागाच्या प्रमुख बाईंच्या, आणि तीही घरच्या कटकटीमुळे. बाईंनी पदार्थविज्ञानात पदव्युत्तर पदवी घेतली होती, पुढे प्रयोगशाळेत नोकरी मिळाली नाही म्हणून त्या कागदांत आल्या होत्या आणि बावीस वर्षे कागदांतच राहिल्या होत्या. कुणी काहीही सांगितले की त्या "पुरावा काय?" असे विचारीत, म्हणून सारे रुग्णालय पाठीमागे त्यांना पुरावाबाई म्हणे. त्यांना ते माहीत होते. त्याचा पुरावाही त्यांच्याकडे होता.

सोमवारी संध्याकाळी त्या घरी येऊन खुर्चीत टेकतात न टेकतात तोच धाकटी नणंद दारात उभी राहिली. ती त्याच रुग्णालयात परिचारिका होती. २००४ पासून, हंगामी.

"वहिनी, तुझ्या संगणकानं मला मारलं बघ," ती चप्पल न काढताच म्हणाली.

"आधी आत ये. मग मेलेली हो."

"थट्टा नको. कायम करायच्यांची यादी लागली. माझं नाव नाही. हेडक्लार्क म्हणाले, पहिल्या नेमणुकीपासून एकही खंड न पडता दहा वर्षं सेवा पाहिजे, तुमच्या मधे तीन वर्षं खंड आहे. मी म्हटलं, खंड? त्या तीन वर्षांत माझं लग्न झालं तेव्हाची चार दिवसांची रजा सोडली तर मी घरी बसले नाही. तर म्हणतात, संगणकात शोधलं, नाव सापडत नाही. हरकत असेल तर गुरुवारी पाचपर्यंत पुराव्यासह द्या."

"मग दे पुरावा."

"तुझा शब्द झाला तो! नेमणुकीचे आदेश मूळ प्रतींसकट ऑफिसनं जमा करून घेतलेत. आणि ऑफिसनं ते तुझ्याकडे दिलेत. म्हणजे माझा पुरावा तुझ्या कपाटात, आणि तू मला विचारतेस."

"माझ्या कपाटात काही नाही. स्कॅन झालं की कागद गावाबाहेरच्या गोदामात जातात. मागवले तर तीन आठवडे लागतात."

नणंद खाली बसली. वय सेहेचाळीस. आता कायम झाली तर निवृत्तिवेतन लागू होण्याइतकी वर्षे हाती राहणार होती. पुढची यादी कधी लागेल, लागेल की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हते. हे दोघींनाही ठाऊक होते.

"बघते उद्या," बाई म्हणाल्या. बावीस वर्षांत हे दोन शब्द त्यांनी इतक्यांदा उच्चारले होते की त्यांत आता आश्वासनाचा अंशही उरला नव्हता.

*

अभिलेख विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. दोन स्कॅनर, तीन संगणक, एक पंखा जो फिरताना मान हलवून नकार देई, आणि दोन माणसे. पहिल्या त्या स्वतः. दुसरे ऑपरेटर. ते पूर्वी टंकलेखक होते; टंकयंत्रे भंगारात गेली तेव्हा त्यांना यंत्राबरोबर न पाठवता इथे पाठवले होते, असे ते स्वतःच सांगत.

मंगळवारी सकाळी बाईंनी शोधचौकटीत नणंदेचे नाव टाकले. २००८ मध्ये अकरा वेळा सापडले. २०१२ मध्ये नऊ वेळा. मधली तीन वर्षे कोरी. मग त्यांनी दुसऱ्या परिचारिकेचे नाव टाकले. तेच. मग कुणाचेही नाव न टाकता नुसता 'परिचारिका' हा शब्द टाकला. शून्य. 'कक्ष', 'पाळी', 'सेवक': शून्य, शून्य, शून्य. 'Surgeon' टाकल्यावर मात्र पडदा पिवळ्या ठिपक्यांनी भरून गेला.

"ऑपरेटर, त्या तीन वर्षांचे गठ्ठे स्कॅन झालेत ना?"

"झालेत म्हणजे काय मॅडम, एक हजार आठशे साठ पानं. कंबर अजून सांगते."

"उघडा."

पाने होती. बाईंनी एकामागून एक उलटली. दर पानाच्या माथ्यावर रुग्णालयाचे नाव इंग्रजीत, उजवीकडे इंग्रजीत Superintendent आणि खाली मराठीत छापलेली सूचना: कोणत्या कक्षात कोणत्या पाळीला कोण. डॉक्टरांची नावे पदव्यांसह इंग्रजीत, औषधांचे तक्ते इंग्रजीत; परिचारिका, सेवक, स्वयंपाकी सारे मराठीत. जून २०१० च्या एका पानावर, चौथ्या ओळीत, नणंदेचे नाव स्वच्छ काळ्या अक्षरांत छापलेले होते. लहान मुलालाही वाचता आले असते. फक्त संगणकाला येत नव्हते.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ऑपरेटर मागून म्हणाले.

"कळसा दिसतोय. वळसा का पडला, ते सांगा."

"जुना फॉन्ट असेल, मॅडम. त्या काळात ते वेगळे फॉन्ट होते बघा, दुसऱ्या संगणकावर उघडलं की सगळी चिन्हं दिसायची."

"ती भानगड फाइलची. आपल्याकडे कागद आला. कागदाला फॉन्टची संकेतपद्धती कळत नाही. त्यावर नुसती शाई असते. यंत्र शाईचा आकार बघतं."

ऑपरेटरांनी मान डोलावली. पंख्याने नकार दिला.

बाईंनी पहिला संशय त्या गाळणीवर घेतला जी अर्जांवरच्या चौकटींच्या आडव्या-उभ्या रेघा पुसते. रेघा पुसल्या की यंत्राला अक्षरे सुटी मिळतात. पण मराठी शब्दाच्या डोक्यावरही रेघच असते, आणि गाळणी कडक लावली तर चौकटीबरोबर शिरोरेषाही जाते. डोके उडालेला शब्द यंत्राने वाचला नाही तर त्याला बोल लावता येत नाही. उपपत्ती सुंदर होती. बाईंना सुंदर उपपत्तींचा अनुभव होता, म्हणून त्यांनी आधी ती तपासली. गाळणीतून निघालेले पान मोठे करून पाहिले: शिरोरेषा जागच्या जागी. शिवाय २००८ आणि २०१२ च्या पानांना तीच गाळणी त्याच मापाने लावलेली होती, आणि ती पाने व्यवस्थित सापडत होती. उपपत्ती दुपारी साडेबाराला निकालात निघाली.

दुसरा संशय ओळख-भाषेवर. स्कॅन केलेले पान हे नुसते चित्र. त्या चित्रातून अक्षरे ओळखण्यापूर्वी यंत्राला सांगावे लागते की कोणती भाषा शोध: मराठी, इंग्रजी, की दोन्ही. जे सांगाल तेवढेच ते शोधते. मराठी सांगून इंग्रजी शब्द दाखवला तर तो मराठी अक्षरांत कोंबते. इंग्रजी सांगून मराठी दाखवला तर रोमन अक्षरांचा पालापाचोळा करते. 'दिसत नाही' असे ते सहसा म्हणत नाही. काहीतरी सांगतेच, या बाबतीत ते माणसासारखे आहे.

बाईंनी नोंदवही काढली. गठ्ठा क्रमांक, पाने, तारीख, भाषा. तिन्ही वर्षांपुढे, ऑपरेटरांच्या टंकलेखकी वळणाच्या हस्ताक्षरात, भाषेच्या रकान्यात लिहिले होते: म + इं.

"दोन्हीच लावल्या होत्या, मॅडम. मी दोन्हीच लावतो. वेळ खातं, पण लावतो."

"तपासणीही झालीय?"

"तुमच्या नियमाप्रमाणे. ही बघा खूण."

तपासणीचा नियम बाईंनीच केला होता. एवढी पाने वाचून पाहायला माणसे नव्हती. म्हणून प्रत्येक गठ्ठ्यात असा एक शब्द शोधायचा जो दर पानावर असतोच. जितकी पाने तितक्या वेळा सापडला तर गठ्ठा उत्तीर्ण. त्या तिन्ही गठ्ठ्यांपुढे बरोबरच्या खुणा होत्या. उत्तीर्ण.

म्हणजे पाने होती, भाषा बरोबर होती, तपासणी झाली होती, आणि परिचारिका नव्हत्या.

*

बुधवारी सकाळी बाई जून २०१० चे ते पान छापून वर हेडक्लार्कांकडे गेल्या. हेडक्लार्क सभ्य गृहस्थ होते. यादी त्यांनी केली होती, त्यावर अधीक्षकांची सही झाली होती, आणि सही झालेली गोष्ट खरी असते यावर त्यांची श्रद्धा होती.

"हे बघा, नाव आहे."

त्यांनी चष्मा वर सरकवला. "आहे की. मग झालं तर. असंच एकेक पान बाकीच्या दोन वर्षांचं आणा, हरकत मान्य करतो. तुमच्या नणंदबाई ना? घरचंच माणूस."

"एकूण अर्ज किती होते?"

"एकसष्ट. बाद चव्वेचाळीस, पात्र सतरा."

"पात्र सतरा कधी लागलेल्या?"

त्यांनी कागद चाळले. "बाराच्या पुढच्या सगळ्या."

"आणि बाद झालेल्या?"

"त्याआधीच्या."

"म्हणजे नव्या साऱ्या पात्र आणि जुन्या साऱ्या बाद. तुम्हाला यात काही खटकलं नाही?"

"खटकलं ना," हेडक्लार्क शांतपणे म्हणाले. "म्हणून चौकशी केली. तेव्हाच्या काळात हंगामी लोकांना मधेच घरी बसवायची पद्धत होती, असं एकानं सांगितलं. पटलं."

"पुरावा काय?"

"तुमचाच संगणक! त्यात नावं नाहीत, हाच पुरावा."

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, एवढीच म्हण बाईंना आठवली. पण दळणारे जातेही आपलेच आणि पीठही आपलेच, असे ध्यानात आल्यावर त्यांनी ती तोंडाबाहेर काढली नाही.

"बाकीच्या त्रेचाळीस जणींचं?"

"त्यांनी हरकत घ्यावी. पुरावा आणावा."

"पुरावा गोदामात आहे. नाहीतर माझ्या संगणकात, जिथं तो सापडत नाही."

"मग तुम्ही लिहून द्या ना," हेडक्लार्क म्हणाले, आणि लगेच आवाज खाली आणला. "पण बाई, जपून. 'अभिलेखात दोष आहे' एवढं नुसतं लिहून यादी मागे घेता येत नाही. दोष कसला, कुणाचा, कधीचा, ते लागतं. आणि ते लिहिलं की चौकशी लागते. तुमचं काम होतंय ना? कशाला उगाच उकरून काढता?"

जिन्यात नणंद भेटली. तिची पाळी संपली होती. हातात पिशवी, पायांत सूज.

"काय म्हणाले?"

"तुझं होईल. तीन पानं दिली की झालं."

नणंदेने भिंतीला टेकून डोळे मिटले. मग उघडले. "मग तुझं तोंड असं का?"

"बाकीच्या त्रेचाळीस जणींचं होणार नाही."

"आमच्या मोठ्या सिस्टरचंसुद्धा?"

"त्यांचंसुद्धा."

"त्यांना पुढच्या वर्षी साठ लागतील, वहिनी."

"माहीत आहे. कारण सापडलं पाहिजे. उद्या पाचच्या आत."

"आणि कारण तूच असलीस तर?"

"तर निदान शोधायला लांब जावं लागणार नाही, वन्सं."

एरवी बाई तिला 'अगं' म्हणत. 'वन्सं' हा शब्द त्या फार चिडल्या किंवा फार दमल्या की काढीत. आज कोणते कारण होते हे नणंदेने विचारले नाही.

*

खोलीत परतल्यावर बाईंनी ते केले जे त्यांनी मंगळवारीच करायला हवे होते. शोधता येणाऱ्या फाइलमध्ये डोळ्यांना दिसते ते पानाचे चित्र. ओळखलेला मजकूर त्या चित्राखाली अदृश्य थरासारखा पसरलेला असतो. शोध चालतो तो त्या थरात. चित्र सुरेख दिसते म्हणून थर सुरेख असेलच असे नाही. पण चित्र सुरेख दिसते म्हणूनच थराकडे कुणी बघत नाही. बाईंनी जून २०१० च्या पानावरचे सगळे निवडले, उचलले आणि कोऱ्या कागदावर टाकले.

माथ्यावर रुग्णालयाचे नाव, इंग्रजीत, अचूक. Superintendent, अचूक. त्याखाली रोमन अक्षरांचा पालापाचोळा: व्यंजनांचे ढीग, मधेच एखादा आकडा, मधेच स्वल्पविराम. त्यातून डॉक्टरांची नावे मात्र ढिगाऱ्यातल्या विटांसारखी सरळ वर आलेली. ज्या जागी नणंदेचे नाव असायला हवे होते तिथे सात रोमन अक्षरे आणि एक अवतरणचिन्ह होते.

"ऑपरेटर, ही 'दोन्ही' लावून झालेली ओळख आहे?"

ऑपरेटर वाकून बघत राहिले. "नाही वाटत."

"वाटण्यावर जायचं नाही. मोजू या."

त्यांनी तेच पान घेतले, त्यावरचे शब्द मोजले: मराठी एकशे अठरा, इंग्रजी एकतीस. मग पान पुन्हा पुन्हा ओळखायला लावले. नुसती मराठी: मराठी एकशे नऊ बरोबर, इंग्रजी एकही नाही. नुसती इंग्रजी: इंग्रजी तीस बरोबर, मराठी एकही नाही. दोन्ही, मराठी आधी: मराठी एकशे सहा, इंग्रजी सत्तावीस. दोन्ही, इंग्रजी आधी: जवळपास तेवढेच, पण दोन ठिकाणी मराठी १ चा इंग्रजी 9 झाला. दोन्ही लावल्यावर प्रत्येकीचे थोडे थोडे नुकसान होत होते, एकत्र कुटुंबात होते तसे. पण कुणी घराबाहेर पडत नव्हते. फाइलमधला पालापाचोळा दुसऱ्या प्रयोगाशी अक्षरन् अक्षर जुळला.

"नुसती इंग्रजी," बाई म्हणाल्या. "आणि नोंदवही म्हणते दोन्ही. यातलं एक खोटं."

"माझी नोंदवही खोटी नाही, मॅडम." ऑपरेटरांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तीस वर्षं टंकलेखन केलं. कागदावर नाही ते मी लिहीत नाही."

"तुम्ही खोटं लिहिलंत असं मी म्हणत नाही. फाइल शेवटची कधी बदलली ते बघा."

स्कॅनिंग आदल्या वर्षीच्या मार्चमधले होते. फाइली बदलल्याची तारीख मात्र नोव्हेंबरची. तिन्ही वर्षांची एकच दुपार. पहिल्या गठ्ठ्याचे काम सुरू झाले दोन वाजून दहा मिनिटांनी. शेवटची फाइल साठवली गेली तीन त्रेचाळीसला. त्र्याण्णव मिनिटे. बाईंनी कागदावर भागाकार केला: एक हजार आठशे साठ पाने, दर पानाला तीन सेकंद. त्यांच्या यंत्राला दोन्ही भाषा लावून एका पानाला सात सेकंद लागत. हे त्यांनी पूर्वीच मोजून भिंतीवर चिकटवले होते. तीन सेकंदांत फक्त एक भाषा होते.

"नोव्हेंबरात त्या दुपारी काय केलंत?"

"नोव्हेंबरात..." ऑपरेटर छताकडे बघू लागले. "ते औषध विभागाचं काम नव्हतं का, मॅडम? त्यांना त्या तीन वर्षांतल्या औषधांची नावं हवी होती. दोन्ही भाषांत ती मधेमधे बिघडत होती, इंग्रजी नावाला मराठी काना लागायचा. त्यांनी तक्रार केली. मग नुसती इंग्रजी लावून परत चालवलं. एकदम चोख आलं. त्यांनी आभाराचं पत्रसुद्धा दिलं."

"ते परत चालवणं नोंदवहीत कुठं आहे?"

"नोंदवहीत परत चालवण्याचा रकाना नाही."

"आणि वेगळी प्रत का नाही ठेवली?"

ऑपरेटरांनी बाईंकडे पाहिले. त्या पाहण्यात तक्रार नव्हती. थोडी कीव होती. "एक गठ्ठा, एक फाइल, एक नाव. दुसरी प्रत करायची नाही. तुमचाच नियम, मॅडम. साठवताना यंत्रानं विचारलं, आधीचा मजकूर बदलू का. मी 'हो' म्हटलं. 'नाही' म्हटलं असतं तर दुसरी प्रत झाली असती."

"आणि कुणाच्या सांगण्यावरून चालवलंत?"

टेबलाच्या कोपऱ्यावर खिळा होता. त्यावर ऑपरेटर मिळालेली प्रत्येक चिठ्ठी टोचून ठेवीत. त्यांनी नोव्हेंबरपर्यंत चिठ्ठ्या उपसल्या आणि एक काढून पुढे ठेवली. 'औषध विभागाच्या मागणीनुसार २००९ ते २०११ इंग्रजीत पुन्हा ओळखावे. तातडीचे.' खाली सही. सही बाईंची होती. सही करताना त्या कुठे बसल्या होत्या, दिवस कसा होता, हातात आणखी किती चिठ्ठ्या होत्या, यातले काहीही त्यांना आठवेना. पण सही त्यांचीच होती, आणि शाई आकार बघूनच ओळखायची असते.

"आणि त्यानंतर तपासणी केलीत?"

"केली की. दर पानावरचा शब्द शोधला. एक हजार आठशे साठच्या एक हजार आठशे साठ."

"कोणता शब्द?"

"Superintendent."

बाईंनी नोंदवही मिटली. शब्द त्यांनीच सुचवला होता. कारण तो दर पानावर एकाच जागी, एकाच ठळक ठशात असे. इंग्रजी शब्द शोधून इंग्रजी आली आहे की नाही हे कळत होते. मराठी आली आहे की नाही, हे त्या तपासणीने कधी विचारलेच नव्हते.

"चहा सांगू का?" ऑपरेटर म्हणाले.

"सांगा. आणि यंत्र लावा. दोन्ही भाषा, मराठी आधी. औषधांचे तक्ते निवडून तेवढ्या चौकटींना इंग्रजी वेगळी लावा. चौकटी माझ्याकडे द्या, मी आखते."

"तक्ते थोडेच आहेत, शंभरच्या आत. अर्ध्या तासात होतील. पण पुढं साडेतीन तास लागतील मॅडम."

"तीन तास सदतीस मिनिटं. मोजलेत."

यंत्र एक वाजून पाच मिनिटांनी सुरू झाले. बाई बसून राहिल्या. सात सेकंदांनी एक पान पुढे सरके. पहिला तासभर त्यांनी प्रत्येक पानाचा थर उघडून पाहिला, मग दर दहाव्या पानाचा, मग डोळे चुरचुरू लागले तेव्हा दर पन्नासाव्याचा. पावणेपाचच्या आत-बाहेर काम संपले. 'परिचारिका' शोधल्यावर पडदा पिवळा झाला. ऑपरेटर टाळी वाजवणार होते, पण बाईंचा चेहरा पाहून त्यांनी तो विचार सोडून दिला.

*

गुरुवारी सकाळी दोघांनी मिळून चव्वेचाळीस नावे शोधली. बेचाळीस तिन्ही वर्षांत सापडली. उरलेल्या दोघींच्या नावांवर शिक्क्याची शाई सांडली होती. ती पाने डोळ्यांनी शोधावी लागली, आणि त्यातले एक मोठ्या सिस्टरांचे होते. दुपारी दोनला चव्वेचाळीस जणींची पाने पृष्ठक्रमांकांसह तयार झाली.

तीनला नणंद खाली आली. तिने टेबलावरचा ढीग पाहिला, वरचे कोरे पान पाहिले.

"हे काय लिहितेयस?"

"कारण."

"वहिनी, पानं दिलीस की पुरे. हेडक्लार्क घेतील. तुझी सही कशाला दाखवतेस? माझ्यामुळं तुला चौकशी लागायची."

"पानं दिली तर ते म्हणतील, आज सापडली, काल का नाही? कशावरून ही बनावट नाहीत? तुमच्याच नणंदेचं पान सगळ्यांत वर कसं?"

"तसं कोण म्हणेल?"

"मी म्हणाले असते," बाई म्हणाल्या. "आणि त्या तीन वर्षांत सेवक आहेत, स्वयंपाकी आहेत. त्यांची यादी पुढच्या महिन्यात लागेल. तेव्हा हाच प्रश्न परत."

नणंदेने ढिगाच्या कडा जुळवल्या. "दादाला सांगू का मी? की तूच सांगशील?"

"तुझ्या दादाला मी सांगेन. तो आधी 'तरी मी म्हणत होतो' म्हणेल, मग काय म्हणत होता ते आठवेल. तू घरी जा. पाय वर करून बस."

"तुझेही पाय सुजलेत."

"मला ते दिसतायत. शोधायला नको."

नणंद हसली नाही, पण जाताना तिने वहिनीचा थंड झालेला चहा उचलून नेला आणि गरम करून आणून ठेवला.

चार वाजून दहा मिनिटांनी बाई वर गेल्या. हेडक्लार्कांनी ढीग पाहिला, वरचे पान वाचले, पुन्हा वाचले. "हे ठेवायचंच का?" त्यांनी विचारले. बाईंनी मान डोलावली. त्यांनी निःश्वास टाकून आवक शिक्का मारला, वेळ लिहिली आणि म्हणाले, "या कागदावर मात्र यादी मागे घ्यावी लागेल. चौकशीही लागेल हो, बाई." "लागू द्या," बाई म्हणाल्या.

त्या पानावर असे लिहिले होते:

'कारण: २००९ ते २०११ च्या सूचनापत्रांवर मराठी व इंग्रजी असे दोन्ही मजकूर आहेत. मूळ ओळख दोन्ही भाषा लावून झाली होती. नोव्हेंबरमध्ये औषधांची नावे अचूक मिळावीत म्हणून निम्नस्वाक्षरीकाराच्या लेखी सूचनेवरून ही पाने केवळ इंग्रजी भाषा लावून पुन्हा ओळखण्यात आली. दुसरी प्रत न ठेवण्याच्या निम्नस्वाक्षरीकाराच्या नियमामुळे नव्या मजकुराने जुना मजकूर पुसला गेला. त्यामुळे मराठीत छापलेले प्रत्येक नाव शोधातून नाहीसे झाले. इंग्रजीत छापलेली राहिली. तपासणीसाठी निम्नस्वाक्षरीकाराने ठरवलेला शब्द इंग्रजी होता, म्हणून तपासणीत दोष आढळला नाही. नोंदवहीत पुन्हा केलेल्या ओळखीसाठी रकाना नव्हता, म्हणून तो नंतरही दिसला नाही. पाने गहाळ नाहीत. सेवेत खंड नाही. ऑपरेटरांनी दिलेल्या सूचना तंतोतंत पाळल्या. त्यांचा दोष नाही.'